चारची फेरी चुकली, पण बाई त्यामुळे घसरल्या का?

प्रश्न: सर, सरावाच्या पेपरात हा प्रसंग होता. एका मोठ्या दुकानात दर अर्ध्या तासाने फरशी पाहायची फेरी असते. साडेतीनची फेरी झाली, चारची कर्मचाऱ्याने चुकवली. ४.१० ला एका गिऱ्हाइकाच्या हातून तेलाची बाटली फुटली. ४.१२ ला दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने (त्याचा कामावरचा दुसराच दिवस) तेल पाहिलं आणि तो मॉप आणायला गेला. ४.२० ला साठीतल्या एक बाई त्यावर घसरल्या. हाडं आधीपासून ठिसूळ होती, खुबा मोडला. रुग्णालयात एका इंजेक्शनची तीव्र रिॲक्शन आली. महिन्याभराने घरी कुबडी घेऊन जिना उतरताना त्या पडल्या, मनगट मोडलं. मी लिहिलं, ‘चारची फेरी चुकवली हा कर्तव्यभंग, म्हणून दुकान सगळ्याला जबाबदार.’ अर्धे गुण गेले. चुकलं कुठे? निष्काळजीपणाच्या दाव्याचे चारही टप्पे, म्हणजे काळजी घेण्याचं कर्तव्य, कर्तव्यभंग, कार्यकारण आणि दूरता, कसे लावायचे?

उत्तर: चूक तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. चारची फेरी वेळेवर झाली असती तरी बाई घसरल्याच असत्या. चारला फरशी कोरडी होती. तेल सांडलं ४.१० ला आणि पुढची फेरी होती ४.३० ला. म्हणजे तुम्ही दुकानाची जी चूक पकडली ती खरी असली, तरी तिचा या अपघाताशी संबंध नाही. ज्या चुकीचा संबंध आहे ती ४.१२ ला घडली आणि तिच्याबद्दल तुमच्या उत्तरात एक शब्द नाही. परीक्षकाने चारची फेरी प्रसंगात मुद्दाम पेरली आहे. ती दिसायला मोठी दिसते, नियम मोडल्याचा पुरावा आयता हातात येतो, आणि निम्मी मुलं तिच्यावर उत्तर रचतात. मी बरीच वर्षं अशा दाव्यांमध्ये वादीच्या बाजूने उभा राहिलो आहे, आणि खऱ्या वकिलांनी तयार केलेल्या दाव्याच्या अर्जांतही हीच चूक पाहिली आहे.

चार टप्पे वेगवेगळे शिकवले जातात, म्हणून ते चार वेगळे कप्पे वाटतात. प्रत्यक्षात सगळं एका वाक्यावर लटकलेलं असतं: ‘अमुक माणसाने अमुक क्षणी अमुक गोष्ट करायला हवी होती आणि ती केली नाही.’ हे वाक्य नेमकं लिहिलं की कार्यकारणाची कसोटी आपोआप लागते, कारण ‘ती गोष्ट केली असती तर काय झालं असतं?’ असा साधा प्रश्न विचारता येतो. हेच वाक्य ढोबळ राहिलं, म्हणजे ‘दुकानाने काळजी घेतली नाही’ एवढ्यावरच थांबलं, तर पुढचा प्रश्न विचारायला काही उरतच नाही. तुमच्या प्रसंगावर हे क्रमाने लावू.

काळजी घेण्याच्या कर्तव्यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहू नका. १९३२ च्या डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हनसन खटल्यात लॉर्ड ॲटकिन यांनी ‘शेजारी’ कोण हे सांगितलं: माझ्या वागण्याचा ज्याच्यावर परिणाम होईल हे मला आधीच लक्षात यायला हवं, तो माझा कायद्यातला शेजारी. हे माहीत असावं, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक हे नातं इतकं जुनं आणि पक्कं आहे की तिथे कर्तव्य नव्याने सिद्ध करावं लागत नाही. इंग्लंडमध्ये तर जागेचा ताबा असणाऱ्यावर १९५७ च्या कायद्यानेच हे कर्तव्य टाकलं आहे. २०१८ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध वेस्ट यॉर्कशायरचे चीफ कॉन्स्टेबल या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नातं आधीच मान्य प्रकारात बसत असेल तर नवं कर्तव्य ठरवण्यासाठी केपारो खटल्यात सांगितलेल्या तीन पायऱ्या चढत बसायचं कारण नाही. तरीही विद्यार्थी दुकानाच्या प्रसंगात केपारोवर पान भरतात. त्या पानाला गुण नाहीत. आणखी एक ओळ घाला: कर्मचाऱ्याची कामावरची चूक मालकाला भोवते, म्हणून आपण कर्मचाऱ्याचं वागणं तपासतोय आणि दावा मात्र दुकानावर आहे. एवढं लिहून पुढे जा.

खरं काम कर्तव्यभंगापाशी सुरू होतं. इथे मोजपट्टी समंजस माणसाची. १८५६ च्या ब्लाइथ खटल्यापासून सूत्र तेच आहे: समंजस माणसाने जे केलं असतं ते न करणं, किंवा त्याने जे केलं नसतं ते करणं. हा माणूस अतिसावध नसतो, त्याला भविष्य दिसत नाही, पण तो बेफिकीरही नसतो. त्याला ४.१२ ला त्या रॅकच्या वाटेत उभं करायचं, आणि ४.२० ला काय होणार हे त्याला सांगायचं नाही. अपघात घडून गेल्यावर सगळंच धोक्याचं दिसतं. म्हणून मी कच्च्या कागदावर वर वेळ लिहितो, ‘४.१२’, आणि त्याखाली फक्त त्या मिनिटाला दिसत आणि माहीत असलेल्या गोष्टी लिहितो: फरशीवर तेल, फुटलेल्या काचा, चालू दुकान, ये-जा करणारी गिऱ्हाइकं, ज्यांची नजर रॅकवर असते. बाईंची ठिसूळ हाडं या यादीत येत नाहीत. ती त्याला माहीत नव्हती. पण गिऱ्हाइकांत म्हातारी माणसं असतात, एखाद्याला कमी दिसतं, हे यादीत येतं. १९६५ च्या हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड खटल्यात रस्त्यावर चर खणणाऱ्यांनी आडवा टाकलेला हातोडा डोळसाला पुरेसा होता, पण त्यात अडखळून पडलेला माणूस अंध होता. अंध माणसं रस्त्याने एकटी चालतात हे कोणालाही ठाऊक असतं, म्हणून ते लोक जबाबदार ठरले.

कर्मचाऱ्याचा कामावरचा दुसरा दिवस हीदेखील पेरलेली गोष्ट आहे. नवखेपणाने मोजपट्टी खाली येत नाही. १९७१ च्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन खटल्यात गाडी शिकणाऱ्या बाईंनाही अनुभवी, सक्षम चालकाचीच मोजपट्टी लावली गेली. मात्र या दुसऱ्या दिवसाचा एक उपयोग वादीला होतो: सांडलेलं तेल दिसलं तर काय करायचं हे त्याला शिकवलंच नसेल, तर तो दुकानाचा स्वतःचा वेगळा कर्तव्यभंग आहे. तो तसा वेगळाच मांडा.

आता तोलायचं काय? धोका घडण्याची शक्यता किती, घडल्यास इजा किती मोठी, आणि टाळायला खर्च व खटपट किती. १९५१ च्या बोल्टन विरुद्ध स्टोन खटल्यात क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर जाऊन एका बाईंना लागला, पण तसा चेंडू बाहेर गेल्याच्या घटना सुमारे तीस वर्षांत सहाएकच होत्या. शक्यता इतकी कमी म्हणून क्लब सुटला. दोन वर्षांनी लॅटिमर विरुद्ध ए.ई.सी. खटल्यात पुरामुळे कारखान्याची फरशी निसरडी झाली होती. मालकाने होता नव्हता तेवढा भुसा टाकला, तो पुरला नाही, एक कामगार घसरला. त्यासाठी अख्खा कारखाना बंद ठेवायला हवा होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. दुकानाचा वकील लॅटिमरच पुढे करणार: ‘आमच्या माणसाने तेल पाहिलं, दुर्लक्ष केलं नाही, लगेच मॉप आणायला गेला, अजून काय करायचं?’ उत्तर असं की इथे कारखाना बंद करायचा नव्हता. जागेवर उभं राहून सहकाऱ्याला हाक मारायची होती. खर्च शून्य. गुळगुळीत फरशीवरच्या तेलावरून माणूस घसरण्याची शक्यता चेंडूसारखी तीस वर्षांत सहादा नसते, आठ मिनिटांतही ती बरीच असते.

माझ्याकडे अशाच घसरण्याचा एक दावा होता. कॅमेऱ्याचं चित्रण मी सेकंदासेकंदाने थांबवत पाहिलं. कर्मचारी येतो, तेलापाशी थांबतो, वाकून एक मोठी काच उचलून रॅकवर ठेवतो, डावीकडे बघतो, मग निघून जातो. त्यानंतर एक तरुण ढकलगाडी घेऊन येतो, त्याचं चाक तेलावरून जातं, तो थबकतो आणि वळसा घालतो. मग एक बाई मुलाला दंडाला धरून बाजूला ओढते. तिसरी व्यक्ती आमची अशील. मला त्या काचेच्या तुकड्याने सर्वाधिक मदत केली. माणूस काच उचलतो म्हणजे ‘इथे कोणाला तरी इजा होईल’ हे त्याच्या मनात आलं होतं. उलटतपासणीत त्याला ते नाकारता आलं नाही. आणि त्याच्या पाठीमागे चार पावलांवर बिलाच्या काउंटरवर दुसरा कर्मचारी उभा होता, हाकेच्या अंतरावर. कर्तव्यभंगाचं वाक्य तिथेच तयार झालं.

तुमच्या प्रसंगासाठी ते वाक्य असं लिहा: ‘४.१२ ला तेल पाहिल्यावर समंजस कर्मचारी जागा सोडून गेला नसता. त्याने तिथे थांबून दुसऱ्याला बोलावलं असतं, किंवा जायचंच असतं तर वाट अडवून गेला असता.’ यात दोन खबरदाऱ्या आहेत आणि त्यांचं बळ सारखं नाही. ते आता कार्यकारणात कळेल.

कसोटी अशी: ती चूक झाली नसती तर हानी टळली असती का? या कसोटीचा धडा पक्का करायचा तर १९६९ चा बार्नेट खटला डोळ्यांसमोर ठेवा. तीन रात्रपाळीचे पहारेकरी चहा पिऊन उलट्या करत रुग्णालयात गेले. डॉक्टरने न तपासताच त्यांना घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांपैकी एक मरण पावला. चहात आर्सेनिक होतं. कर्तव्यभंग उघड होता. पण तपासलं असतं तरी उतारा वेळेत मिळून तो वाचला असता असं सिद्ध झालं नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. चूक कितीही संतापजनक असो, ती हानीला जोडली गेली पाहिजे.

चारच्या फेरीला ही कसोटी लावून पाहिलीच आहे. ती तिथे संपते. हे उत्तरात लिहायचं मात्र टाळू नका. ‘चारची फेरी चुकवणं हा कर्तव्यभंग मानला तरी ४.१० पूर्वी तेल नव्हतं, त्यामुळे त्या चुकीने हानी झाली नाही’ असं स्पष्ट लिहिलं की परीक्षकाला दिसतं की तुम्ही सापळा ओळखला.

आता ४.१२. तो तिथे उभा राहिला असता तर? बाई आल्या असत्या, त्याने ‘इकडून नको’ म्हटलं असतं, त्या वळल्या असत्या. यात शंका घ्यायला फार जागा नाही. नुसती ‘फरशी ओली आहे’ अशी पिवळी पाटी ठेवली असती तर? इथे प्रतिवादी म्हणेल की बाईंनी पाटीही पाहिली नसती, कारण त्यांची नजर वरच्या खणातल्या डब्यांवर होती. शक्यतांच्या तराजूवर, म्हणजे कोणती शक्यता जास्त एवढंच पाहिलं तर, पाटीचाही मुद्दा बहुधा टिकतो, पण पुरावा लागतो: पाटी कुठे बसली असती, वाट किती रुंद, बाई कोणत्या बाजूने आल्या. म्हणून मी नेहमी सर्वांत मजबूत खबरदारी आधी मांडतो आणि पाटी पर्याय म्हणून मागे ठेवतो. खबरदारी निवडतानाच पुढचा टप्पा डोळ्यांपुढे असावा लागतो. विद्यार्थी बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त खबरदारी निवडतात, कारण समंजस माणसाच्या तराजूवर ती सहज बसते. मग कार्यकारणात तीच लटकते.

इथे जरा थांबून तुमचा प्रसंग एका ठिकाणी बदलून पाहू, कारण प्रत्यक्षात ४.१० ही वेळ इतकी आयती मिळत नाही. समजा कॅमेरा नाही आणि तेल कधी सांडलं कोणालाच माहीत नाही. ४.१२ ला ते कोणी पाहिल्याचंही समोर आलेलं नाही. एवढंच माहीत आहे की साडेतीनच्या फेरीत फरशी स्वच्छ होती, चारची फेरी झाली नाही, आणि ४.२० ला बाई घसरल्या. आता चारची फेरी पुन्हा जिवंत होते. तेल ३.३० ते ४.२० या पन्नास मिनिटांत केव्हातरी सांडलं. चारच्या आधी सांडलं असेल तर चारच्या फेरीत सापडलं असतं. चारच्या नंतर सांडलं असेल तर नाही. पहिला तुकडा तीस मिनिटांचा, दुसरा वीस. इतर काहीच पुरावा नसेल तर पारडं वादीकडे झुकतं.

ही नुसती अंकांची कसरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने २०१२ मध्ये स्ट्राँग विरुद्ध वूलवर्थ्स खटल्यात याच वाटेने विचार केला. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एक बाई साडेबाराला बटाट्याच्या तळलेल्या कापावर कुबडी टेकून घसरल्या होत्या. सकाळी आठपासून त्या जागेची पाहणी झालीच नव्हती, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाहणी व्हायला हवी होती. तो तुकडा शेवटच्या वीस मिनिटांत पडला असण्यापेक्षा आधीच्या चार तासांत पडला असण्याची शक्यता जास्त, असं बहुमताने ठरलं. त्याआधी १९७६ च्या वॉर्ड विरुद्ध टेस्को खटल्यात सांडलेल्या दह्यावर घसरलेल्या बाईंना ते किती वेळ पडून होतं हे दाखवता आलं नव्हतं. तिथे बहुमताने म्हटलं की असा अपघात नीट सांभाळलेल्या दुकानात सहसा होत नाही, तेव्हा खुलासा दुकानाने करायचा.

पण मिनिटांच्या हिशोबावर पूर्ण विसंबू नका. ज्या वाटेत गर्दी आहे तिथे तेल अर्धा तास पडून राहिलं असतं तर त्यातून चाकांचे पट्टे आणि पायांचे ठसे दूरवर गेले असते. घसरल्यानंतर काढलेल्या फोटोत थारोळं स्वच्छ, कडा अखंड असेल, तर ते नुकतंच सांडलं होतं असं प्रतिवादी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. ठोस पुरावा आला की तीस विरुद्ध वीस हा हिशोब बाजूला पडतो.

एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावर दावे फिरतात. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि फेऱ्यांच्या रजिस्टरचं घड्याळ एक नसतं. तुमच्या प्रसंगात कॅमेरा बारा मिनिटं पुढे असेल, तर पडद्यावरचं ४.१० म्हणजे प्रत्यक्षात ३.५८, आणि मग चारच्या फेरीत ते तेल नक्की सापडलं असतं! मेलेला मुद्दा बारा मिनिटांनी उठून बसतो. म्हणून मी चित्रणात घड्याळ जुळवायला एक खूण शोधतो. बिलावर छापलेली वेळ आणि ते बिल हातात पडतानाचं चित्र यांवरून फरक काढता येतो. रजिस्टरही मूळ प्रतच मागवतो. दिवसभराच्या सगळ्या फेऱ्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच झोकात, एकाखाली एक सरळ उतरलेल्या दिसल्या तर ते पान संध्याकाळी बसून भरलेलं असतं, आणि मग साडेतीनची फेरी झाली होती हेही गृहीत धरता येत नाही.

बाईंची स्वतःची चूक? त्या खाली बघत नव्हत्या हे प्रतिवादी म्हणणारच. दुकानाने माल डोळ्यांच्या उंचीवर मांडलेला असतो तो गिऱ्हाइकाने तिकडे बघावं म्हणूनच. तिकडे पाहणाऱ्याला ‘खाली का बघितलं नाहीस’ म्हणणं समंजस माणसाच्या मोजपट्टीवर सहसा टिकत नाही. त्या फोनवर टाइप करत चालल्या असत्या तर वेगळं. मग भरपाई काही प्रमाणात कापली गेली असती, दावा पडला नसता.

आता दूरता, म्हणजे रिमोटनेस. इथे तुमच्या वाक्यातला ‘सगळ्याला’ हा शब्द अडचणीचा आहे. ‘अंदाज यायला हवा होता का’ हा प्रश्न आपण आतापर्यंत दोनदा विचारला आणि आता तिसऱ्यांदा विचारतोय, पण दर वेळी त्याचा आवाका वेगळा आहे. कर्तव्याच्या टप्प्यावर प्रश्न होता, गिऱ्हाइकांसारख्या माणसांना इजा होऊ शकते का. भंगाच्या टप्प्यावर, या तेलावरून कोणी घसरेल हे ४.१२ ला दिसत होतं का. दूरतेच्या टप्प्यावर प्रश्न हानीच्या प्रकाराचा आहे: जी हानी झाली त्या प्रकारची हानी अपेक्षित होती का. १९२१ च्या पोलेमिस निकालानुसार थेट परिणाम पुरेसा होता. १९६१ मध्ये वॅगन माउंड खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते सोडून अपेक्षित प्रकाराची कसोटी आणली. सिडनीच्या बंदरात जहाजातून तेल सांडलं, धक्क्यावरच्या वेल्डिंगमुळे ते पेटलं. धक्का तेलाने बरबटेल हे अपेक्षित होतं, पाण्यावर पसरलेलं ते तेल पेटेल हे त्या पुराव्यावर अपेक्षित ठरलं नाही, आणि आगीची भरपाई मिळाली नाही.

‘प्रकार’ किती रुंद धरायचा हीच मेख आहे. ‘ठिसूळ हाडामुळे खुबा मोडणं’ इतका अरुंद धरला तर कुठलाच वादी जिंकणार नाही. ‘काहीतरी नुकसान’ इतका रुंद धरला तर कसोटीच उरत नाही. १९६३ च्या ह्यूज विरुद्ध लॉर्ड ॲडव्होकेट खटल्यात रस्त्यावरच्या उघड्या भुयारापाशी ठेवलेला रॉकेलचा दिवा एका लहान मुलाच्या धक्क्याने आत पडला, स्फोट झाला, मुलगा भाजला. स्फोट कोणाच्या ध्यानात आला नसता, पण दिव्याने मूल भाजेल हे ध्यानात यायला हवं होतं. प्रकार तोच, घडण्याची रीत फक्त वेगळी, म्हणून भरपाई मिळाली. तुमच्या प्रसंगात प्रकार लिहा: ‘घसरून पडल्याने होणारी शारीरिक इजा’. खुबा मोडणं त्यात सरळ बसतं.

मग ठिसूळ हाडांचं काय? प्रकार बसला की इजा किती मोठी झाली याचा अंदाज यायला लागत नाही. माणूस जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. १९६२ च्या स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन खटल्यात वितळलेल्या धातूच्या थेंबाने कामगाराचा ओठ भाजला. ओठातल्या पेशी आधीच कर्करोगाकडे झुकलेल्या होत्या, भाजण्याने तो सुरू झाला आणि तीन वर्षांनी माणूस गेला. मालक मृत्यूलाही जबाबदार ठरला. एक फरक मात्र ठेवा, तो मुलं विसरतात: ठिसूळ हाडं जबाबदारी कमी करत नाहीत, पण भरपाईच्या रकमेवर परिणाम करू शकतात. या बाईंचा खुबा पुढे कधीतरी साध्या ठेचेनेही मोडण्याची शक्यता वैद्यकीय पुराव्याने दाखवली, तर पुढच्या वर्षांची भरपाई त्या हिशोबाने कमी होते.

इंजेक्शनसाठी तर तुमच्या प्रसंगाला जवळपास जुळणारा निकाल आहे, १९७४ चा रॉबिन्सन विरुद्ध पोस्ट ऑफिस. तिथेही तेलच होतं, शिडीवर. माणूस घसरला, नडगी फाटली, डॉक्टरने धनुर्वातविरोधी सीरम टोचलं, त्याची ॲलर्जी होऊन मेंदूला सूज आली. डॉक्टरने चाचणीचा डोस देऊन पुरेसा वेळ थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. पण थांबला असता तरी ती रिॲक्शन तेवढ्या वेळात दिसली नसती, म्हणून डॉक्टरची चूक हानीला जोडली गेली नाही, आणि पोस्ट ऑफिस सगळ्या परिणामाला जबाबदार राहिलं. हाड मोडलं की इंजेक्शन द्यावं लागणार हे अपेक्षितच आहे, आणि ॲलर्जी हा त्या शरीराचा गुण. तुमच्या उत्तरात लिहा की उपचारातल्या साध्या चुकीनेही कार्यकारणाची साखळी सहसा तुटत नाही. ती तोडायला उपचारातली चूक फारच ढोबळ असावी लागते, आणि प्रसंगात तसं काही दिलेलं नाही.

उरला जिना. इथे एकच उत्तर देऊ नका, कारण प्रसंगात ते ठरवायला लागणारी माहितीच नाही. दोन निकाल एकाच वर्षातले, १९६९ चे, एकमेकांसमोर ठेवा. वीलंड विरुद्ध सिरिल लॉर्ड कार्पेट्समध्ये अपघातानंतर एका बाईंच्या मानेला पट्टा होता, त्यामुळे दुहेरी भिंगांचा चष्मा नीट वापरता येत नव्हता आणि त्या जिन्यात पडल्या. दुसऱ्या इजेचीही भरपाई मिळाली. मॅक्यू विरुद्ध हॉलंडमध्ये ज्याचा पाय मध्येच लुळा पडत होता असा माणूस, सोबत घरची माणसं असताना, कठडा नसलेल्या उभ्या जिन्यावरून कोणाचा हात न धरता उतरायला लागला. पाय गेला, त्याने उडी मारली, घोटा मोडला. ती भरपाई मिळाली नाही, कारण त्याचं ते वागणं समंजस माणसाचं नव्हतं. म्हणजे वादीलाही समंजस माणसाचीच मोजपट्टी लावली जाते, फक्त आता कुबडी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या समंजस माणसाची.

म्हणून तुमचा शेवटचा परिच्छेद प्रश्नांनी भरा. जिन्याला कठडा होता का आणि त्यांनी तो धरला होता का? घरात हात द्यायला कोणी होतं का? जिना उतरायचा सराव करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जिना टाळा असं बजावलं होतं? कुबडीचं खालचं रबर झिजलेलं होतं का? कठडा धरून, सांगितल्याप्रमाणे हळू उतरताना कुबडी निसटली असेल तर मनगट दुकानाच्या खात्यात जातं. जिना टाळायला सांगितलेलं असताना, मुलगी खालून ‘थांब, मी येते’ म्हणत असताना त्या एकट्या उतरल्या असतील, तर खुब्यापर्यंतची आणि इंजेक्शनची भरपाई दुकानाकडे राहते आणि मनगट त्यांचं त्यांच्याकडे.